दोघेही सज्जन, तरी भांडण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. तेव्हा पात्रांच्या वृत्ती तीनच होत्या: नियम मानणारी, न मानणारी आणि मधली. चांगलं-वाईट हा वेगळा अक्ष नंतर जोडला गेला आणि 1978च्या नियमपुस्तकात नऊ वृत्तींचा तक्ता पक्का झाला. त्यात ‘लॉफुल गुड’ आणि ‘केऑटिक गुड’ ही दोन घरं नवख्यांना हमखास गोंधळात पाडतात.

समजा, सरदाराने दुष्काळातही कायद्याने कर म्हणून गावाचं धान्य कोठारात भरलंय. लोकांना खायला मिळावं, हे दोघांनाही वाटतं. लॉफुल गुड योद्धा सरदाराकडे दाद मागेल, नाही ऐकलं तर राजाकडे जाईल; कारण आज कुलूप फोडलं तर उद्या दुबळ्याला कायद्याचा आधार उरणार नाही, असं त्याला मनापासून वाटतं. केऑटिक गुड पात्र रात्रीच कुलूप तोडेल. राजाचा निकाल येईपर्यंत मुलं उपाशी राहतील, हा त्याचा हिशेब. पण पहारेकऱ्याचा गळा सहज चिरला, तर ‘गुड’ संपलंच. अनेक खेळाडू ‘केऑटिक’ म्हणजे मनमानीचा परवाना समजतात, तिथेच खेळ बिघडतो.

जुन्या नियमांत पॅलडिन हा धर्मयोद्धा लॉफुल गुडच असावा लागे. जाणूनबुजून नियमबाह्य वागला तर त्याला धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावं लागे. 2014च्या पाचव्या आवृत्तीत मात्र पॅलडिनसाठी कोणत्याही वृत्तीची सक्ती उरलेली नाही.