पुराचा इशारा आणि सत्तर अक्षरे

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हापासून आमचे तालीम मंडळ दर पावसाळ्यात सावध असते. यंदा मुलांनी सुचवले, "चाचा, मंडळाचे अॅप काढू. पुराचा इशारा नोटिफिकेशनने फुकट जाईल." माझ्या मनात मात्र आमच्या खाला होत्या. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे.

नोटिफिकेशन इंटरनेटवरून येते. त्यासाठी फोनमध्ये ते अॅप हवे, परवानगी दिलेली हवी आणि डेटा चालू हवा. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चालणारी अॅप्स झोपवतात. फोन इंटरनेटपासून तुटलेला असेल, तर इशारा सर्व्हरवर थांबतो आणि जोडणी झाली की येतो. मुदत ठरवून दिली नसेल, तर "पाणी वाढतेय" हे पाणी ओसरल्यावरही कळेल!

एसएमएसला यातले काही लागत नाही, नंबर आणि टॉवर पुरेसा. पण पैसे लागतात, आणि इथेच माझी कवीची सवय उपयोगी पडली. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरे मावतात. मजकूर त्याहून लांबला की त्याचे 67-67 चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी वेगळी अक्षरे म्हणून मोजली जातात. "पाणी" आपल्याला दोन अक्षरे, फोनला चार. गझलेच्या मात्रा मोजणाऱ्या मलाही हा हिशेब नवा होता.

मुलांचा मसुदा 150 अक्षरांचा, म्हणजे तीन तुकडे. समजा तुकड्याला 20 पैसे धरले, तर 420 घरांना 252 रुपये. मी तो असा केला: "पाणी वाढतेय. रात्री 9 पूर्वी शाळेत या. कागद, औषधे घ्या." ही 55 अक्षरे झाली, खर्च 84 रुपये.

मजकुराचा हा साचा आधी नोंदवावा लागतो. वेळेची जागा बदलती ठेवता येते, बाकी शब्द बदलले तर संदेश अडवला जातो. म्हणून नोंदणी उन्हाळ्यातच उरकली. पूर आल्यावर टॉवरची वीज जाऊ शकते, म्हणून इशाराही पाणी दारात यायच्या आत सुटला पाहिजे.

अॅपही मुलांनी केलेच. नदीची रोजची पातळी त्यावर येते. उशिरा दिसली तरी बिघडत नाही. रोजची आकडेवारी एसएमएसने पाठवली असती, तर बँकांच्या आणि कर्जाच्या संदेशांसारखी तीही लोकांनी न वाचता सोडली असती. मंडळाचा एसएमएस म्हणजे घर सोडायचे, एवढेच गल्लीला माहीत असावे.

एसएमएस पाठवल्यावर पोचपावत्यांची यादी मिळते. संदेश फोनवर उतरला एवढेच ती सांगते, वाचला की नाही ते नाही. चाचणीत 31 नंबरांपुढे पोच नव्हती. त्या घरांची कागदी यादी तालमीच्या दारामागे लावली आहे, आणि प्रत्येक घरापुढे कडी वाजवायला कोण जाणार त्याचे नाव आहे. खालांच्या नंबरापुढे पोच होती. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे माझे नाव लिहून घेतले.