बेल दाबून धर, मग मोज

वेंगुर्ल्याला मामांच्या घरी पोचलो आणि नेहमीप्रमाणे बेलचं बटण दाबलं. आतून काही ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं. या वेळी कुणीतरी लाकडी पेटीवर बोट आपटल्यासारखं बारीक ‘ठक’ झालं आणि पाठोपाठ मामांची हाक आली, "बेल वाजणा नाय, दार वाजव!"

मामा बोटीवर नोकरीला होते. तिथून निवृत्त होताना त्यांनी जी दोन-चार अपूर्वाईची खोकी घरी आणली, त्यातल्या एकात ही बेल होती. पांढरी पेटी, आत दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. वीज लागत नाही, मध्यम आकाराचे चार सेल लागतात. कोकणात पावसाळ्यात दिवे कधी जातील याचा भरवसा नसतो, त्यामुळे सेलवरची बेल मामांना फार पटली होती. आता ती मिणमिणती झाली होती. "आठवड्यापूर्वीच नवे सेल घातले, कुडाळहून मागवून. तरी तेच," मामा म्हणाले. दुसरी आणायला ते तयार नव्हते, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती जिवाशी आहे. पुण्या-मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमधली बेल सेलवर चालत नाही, घरातल्या २३० व्होल्टवर चालते, आणि दाराबाहेरच्या त्या निरागस बटणातून तीच वीज खेळत असते. पेटी उघडल्यावर आत सेल नसतील आणि वाटेत ट्रान्सफॉर्मरही नसेल, तर बेल २३० व्होल्टची समजायची. तिथे पुढे सांगितलेलं चालू विजेवर मोजणं घरी करायचं नाही. मेन स्विच पाडायचा, टेस्टरने खात्री करायची आणि मग बटण उघडून साफसफाई करायची, नाहीतर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवायचा. मामांची बेल ६ व्होल्टची, म्हणून मी बिनधास्त होतो.

बेल दुरुस्त करण्याआधी तिचं ऐकून घ्यावं. या जातीच्या बेलमध्ये कॉइलच्या पोकळीत एक लोखंडी दांडा असतो. बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं, दांडा स्प्रिंगविरुद्ध खेचला जातो आणि एका पट्टीवर आदळतो. हा ‘डिंग’. बटण सोडलं की चुंबक जातं, स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आदळतो. हा ‘डाँग’. म्हणजे डिंग विजेचा आणि डाँग स्प्रिंगचा. डिंग खणखणीत आणि डाँग गायब असेल तर सेल बदलून काही होणार नाही. दांडा मळाने अडकतोय किंवा स्प्रिंग सुटलीय. डिंगच मेलेला असेल तर वीज कमी पडतेय, आणि मग डाँगही मेलेलाच येतो, कारण दांडा पूर्ण आत गेलाच नाही तर परतताना तो जोर कुठून आणणार? दोन्ही ठोके जोरात पडतात पण नाद घुमत नाही, तेव्हा पट्टी पेटीला किंवा भिंतीला टेकलेली असते, किंवा तिच्या खुंटीखालचं रबर कडक झालेलं असतं.

मामांकडे दोन्ही ठोके अशक्त होते. म्हणजे वीज. पण नवे सेल घालूनही वीज कमी का पडावी?

सेल तपासताना जवळजवळ सगळे जण एक चूक करतात. दुकानदार सेलला मल्टिमीटर लावतो, आकडा चांगला दिसतो आणि सेल चांगला ठरतो. मामांनी जुने सेल टाकले नव्हते, ड्रॉवरमध्ये ठेवले होते. तेच पुन्हा बेलमध्ये घातले आणि चारही मिळून मोजले, तर ५.६ व्होल्ट. बरे म्हणावेत असे. मग मामींना बाहेर पाठवलं. "मामी, दाब गं." मामींनी बटण दाबून धरलं आणि आकडा झरझर ३.९ वर आला. सेल जुना होत जातो तसा त्याचा आतला अडथळा वाढतो. विजेची मागणी नसताना तो अडथळा दिसत नाही, मागणी आली की व्होल्ट आतच खर्ची पडतात. म्हणून बेलचा सेल बेल वाजत असतानाच मोजायचा. दोन-तीन सेकंद पुरतात, उगाच दाबून धरून सेल पिळायचे नाहीत.

मामांनी सेल बदलले यात चूक नव्हती, ते खरोखर संपत आले होते. पण दुखणी दोन होती. एक गेलं आणि दुसरं राहिलं, त्यामुळे ‘नवे सेल घालूनही तेच’ असं वाटलं.

नवे सेल घातले. न दाबता ६.३ व्होल्ट, दाबल्यावर ६.०. सेलची बाजू स्वच्छ. आता कॉइलच्या दोन स्क्रूंवर मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. "दाब." फक्त ३.६. सेलमधून ६ व्होल्ट निघतात आणि कॉइलपाशी ३.६ पोचतात. उरलेले २.४ व्होल्ट वाटेत कोण खातंय, एवढाच प्रश्न उरला. वाटेत दोघेच आहेत, वायर आणि बटण.

बटणाचं झाकण काढून त्याच्या दोन स्क्रूंवर सुया लावल्या. आधी बटण न दाबता मोजलं, तेव्हा ६.३ दिसले. बेल अजिबात वाजत नसेल तेव्हा हे एकच मोजमाप फार कामाला येतं. न दाबलेल्या बटणावर सेलचे पूर्ण व्होल्ट दिसले तर सेल, वायर आणि कॉइल यातलं कुठे काही तुटलेलं नाही, बिघाड बहुधा बटणातच आहे. शून्य दिसलं तर बटण निर्दोष समजून मागे जायचं. मग सेल काढून कॉइलचा रोध मोजायचा. अशा कॉइलचा तो जेमतेम काही ओहम असतो, मामांच्या कॉइलचा ४ भरला. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय, आणि बहुतेक वेळा ती झाळलेल्या टोकाशीच तुटलेली असते, हिरव्या बुरशीसारख्या थरात.

आता बटण दाबून त्याच दोन स्क्रूंवर मोजलं. चांगल्या बटणावर इथे जवळपास शून्य दिसायला हवं, कारण दाबलेलं बटण म्हणजे नुसता पूल. आमच्याकडे २.१ दिसले. चोर सापडला. उरलेले ०.३ वायरचे, आणि इतक्या लांबीच्या बारीक वायरला ते माफ.

बटण सोडवून ओट्यावर आणलं. आत दोन पितळी पट्ट्या होत्या. वरची बटणाने वाकते आणि खालचीला टेकते. जिथे त्या टेकतात तिथे मोरचुदी रंगाचा थर धरला होता. समुद्र हाकेच्या अंतरावर, बटण पश्चिमेच्या पडवीत, त्यामुळे खारी हवा आत शिरून पितळ खात होती. कोपऱ्यात मुंग्यांनी मातीचे चार कण आणून संसारही थाटला होता. वरची पट्टी वर्षानुवर्षं दाबून बसकी झाली होती, त्यामुळे ती खालचीला टेकायची ती कडेने, केसाएवढी.

काम दहा मिनिटांचं होतं. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची घडी दोन पट्ट्यांमध्ये सरकवली, वरून हलकेच दाबली आणि तीन-चारदा ओढली. मग उलटी घडी करून दुसरी पट्टी. पितळ पिवळंधमक दिसल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. (पट्टीवर चांदीसारखा पांढरा मुलामा असेल तर पॉलिश पेपर लावू नका, मुलामाच निघून जाईल. तिथे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या जाड कागदाची पट्टी फिरवली तरी पुरे.) वरची पट्टी नखाने जराशी उचलली, म्हणजे ती आता सपाट टेकेल. वायरची टोकंही काळी पडली होती, ती बोटाच्या पेराएवढी कापून नव्याने सोलली आणि स्क्रूखाली घट्ट आवळली.

पेटी उघडलीच होती म्हणून दांडाही बाहेर काढला. त्याच्यावर तपकिरी चिकट मळ होता, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी शिवणयंत्राचं तेल घातल्याचं मामांनी कबूल केलं. तेल घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिला आठवडा छान जातो, मग तेल धूळ धरतं आणि त्याचा डिंक होतो. दांडा स्पिरिटने पुसून कोरडाच बसवायचा. सेलच्या खोबणीत पांढरी भुकटी दिसली, तर ती अल्कलाइन सेलमधून झिरपलेली असते. कानकोरणीच्या कापसाला लिंबाचा रस लावून ती पुसावी, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या कापसाने. हातात मोजे असलेले बरे.

वायरलेस बेलचं दुखणं वेगळं असतं. तिच्या बटणाच्या आतच सेल असतो, कधी नाण्यासारखा, कधी बोटाच्या पेराएवढा १२ व्होल्टचा. तो उतरला की बटणावरचा दिवा लागतो, पण हाक आतल्या पेटीपर्यंत पोचत नाही. बटण पेटीजवळ नेऊन दाबल्यावर बेल वाजली, तर आधी तो सेल बदलायचा.

इकडे सगळं जोडून झालं. मामी बाहेर गेल्या. डिंग! माजघरातलं मांजर उठून बसलं. डाँग.

पुन्हा मोजलं. दाबलेल्या बटणावर आता ०.०५. कॉइलवर ५.३. पण सेलवरचा दाबतानाचा आकडा, जो आधी ६.० होता, तो ५.८ वर आला होता. मामांनी तो बरोबर पाहिला. "अरे, सेल आणखी उतरले की!" उतरले नव्हते. आधी घाणेरडं बटण विजेची वाट अडवून बसलं होतं, त्यामुळे सेलवर ताण कमी पडत होता. आता वाट मोकळी झाली आणि कॉइल जवळजवळ दीडपट वीज ओढू लागली. कॉइलची ओढ विजेच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे वीज दीडपट तर दांडा दुपटीहून अधिक जोरात खेचला जातो. वाटेतल्या दोन व्होल्टच्या चोरीने बेल इतकी मेली, ती यामुळेच.

जुने चार सेल मी कचऱ्यात टाकायला उचलले, तर मामांनी हातातून काढून घेतले. रेडिओला वीज किती लागते! हळू आवाजात तो अशा थकल्या सेलवरही आठवडे काढतो. संध्याकाळच्या बातम्या आम्ही त्याच सेलवर ऐकल्या.