मोठी माणसं चौकटीबाहेर

शाळा-कॉलेजातल्या मुलांवरच्या मालिका म्हटलं की दोन नमुने डोळ्यांसमोर येतात. एकात सगळे पंचविशीतले नट दप्तर पाठीला लावून फिरतात, दुसऱ्यात दर भागाला एक आत्महत्या, एक गर्भपात आणि रडणारी आई. ‘स्काम’ या नॉर्वेजियन मालिकेत दोन्ही नाही. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनआरकेने, ती २०१५ ते २०१७ या काळात चार पर्वांत दाखवली. लेखिका-दिग्दर्शिका जुली आंदेम. कथा घडते ऑस्लोमधल्या हार्टविग निसेन या खऱ्याखुऱ्या उच्च माध्यमिक शाळेत. प्रत्येक पर्वाला मध्यवर्ती पात्र वेगळं, आणि कॅमेरा त्या एकाच्याच पाठीमागे. त्याला जे कळत नाही, ते आपल्यालाही कळत नाही.

लिहिण्याआधी आंदेमनी मुलामुलींशी भरपूर गप्पा मारल्या होत्या. मालिका सोळा वर्षांच्या मुलींसाठी होती, म्हणून जाहिरात मोठ्यांपर्यंत पोहोचणार नाही याची काळजी घेतली गेली. मंगळवारी दुपारी घडणारा प्रसंग मंगळवारी दुपारीच संकेतस्थळावर यायचा आणि शुक्रवारी आठवड्याचे सगळे तुकडे जोडून भाग व्हायचा. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत वार आणि वेळ दिसते, ती त्यासाठी. पात्राच्या मेसेजला चार दिवस उत्तर आलं नाही, तर प्रेक्षकही चार दिवस ताटकळायचा.

एरवी नाट्य पार्श्वसंगीत आणि आरडाओरड्यातून उभं करतात, इथे ते न आलेल्या मेसेजमधून उभं राहतं. मुलगा जेवताना फोन उलटा का ठेवतो, हे घरातल्यांना कोडं वाटतं. ही मालिका ते कोडं आतून दाखवते.

तिसऱ्या पर्वातला इसाक घ्या. त्याला ईवन नावाचा मुलगा आवडू लागलाय, आणि हे कोणाला सांगावं ते कळत नाही. झोप उडालीय. आई मानसिक आजाराने त्रस्त आहे, त्याचा राग मनात आहे. गप्पांच्या ओघात तो ईवनला सांगतो की वेड्या माणसांशिवाय आयुष्य बरं. बोलून मोकळा होतो. थोड्याच दिवसांत ईवन मेसेज करून लांब जातो. ईवनला स्वतःला बायपोलर आजार आहे, हे इसाकला (आणि आपल्याला) कितीतरी उशिरा, ईवनच्या जुन्या मैत्रिणीकडून कळतं. तोवर तो हजार कारणं शोधत बसतो. कोणी खलनायक नाही, कारस्थान नाही. सहज बोललेलं एक वाक्य, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नसणं, बस्स.

इसाक मित्राला, योनासला, सांगतो तो प्रसंग तर पुन्हा पाहावा असा. दोघे बसलेत, योनास कबाब खातोय. इसाक अडखळत सांगतो, योनास खाता खाता दोन प्रश्न विचारतो, आणि विषय पुढे सरकतो. मिठी नाही, अश्रू नाहीत. मुलाच्या तोंडून असं काही ऐकायची वेळ आली तर मोठ्यांनी काय करावं, याचा इतका चांगला धडा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसऱ्या पर्वात नूरा एका पार्टीनंतर अनोळखी पलंगावर जागी होते. रात्रीचं काही आठवत नाही, आणि एका तरुणाकडे तिचा नग्न फोटो आहे. ती कितीतरी दिवस गप्प राहते. मग मैत्रिणींना सांगते, तपासणीला जाते, आणि शेवटी त्या तरुणाला कायदा ऐकवते: अठराखालच्या मुलीचा असा फोटो बाळगणं हाच गुन्हा. आपल्याकडेही २०१२चा पॉक्सो कायदा लहान मुलांच्या अश्लील चित्रणाला गुन्हा मानतो, पण ते किती मुलींना माहीत असतं?

मालिका निर्दोष नाही. नूरा आणि श्रीमंत, मग्रूर विलियम यांची प्रेमकथा जुन्या कादंबऱ्यांच्या वळणावर जाते, आणि बाटलीने डोकं फोडण्यापर्यंतची मारामारी येते तेव्हा ‘मेलोड्रामा नाही’ हा दावा डळमळतो. शिवाय सोळा-सतराव्या वर्षी भाड्याच्या घरात मित्रांसोबत राहणारी मुलं आपल्याकडे विरळाच.

सगळ्यात बोचतं ते आई-वडिलांचं स्थान. बहुतेक वेळा ते दारापलीकडचा आवाज, पाठमोरी आकृती, नाहीतर फोनवरचा मेसेज असतात. दुष्ट नाहीत, फक्त चौकटीत नाहीत. मुलांच्या बाजूने बघितलं की आपण असेच दिसतो.

पुढे फ्रान्स, इटली, जर्मनी, स्पेन, अमेरिका अशा देशांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. मूळ मालिका बघायची तर तिसऱ्या पर्वापासून सुरुवात केली तरी चालेल. दहाच भाग आहेत. एका रात्रीत संपवू नका, आठवड्याला एक बघा, आणि बघून झाल्यावर मुलांची उलटतपासणी घेऊ नका.