‘मोअर बेटर’ का चुकतं?

चाळीसगावजवळच्या आमच्या एका गटाची बैठक संपली, तशी एक ताई लेकीची सातवीची इंग्रजीची वही घेऊन पुढे आली. वहीत वाक्य होतं : ‘माय मदर्स भरीत इज मोअर बेटर दॅन हॉटेल भरीत.’ त्यातल्या ‘मोअर’वर लाल रेघ होती. ताई म्हणाली, “हे मीच सांगितलं तिला. जास्त चांगलं म्हणजे मोअर बेटर, बरोबर ना? आता ती म्हणते, अभ्यासातलं तुला विचारणारच नाही.”

ताईची चूक अगदी आपल्या मराठीतून आलेली आहे. आपण म्हणतो, कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे आणि कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यात उंच आहे. दोन्हीकडे ‘उंच’ हा शब्द तसाच राहिला. तुलना दाखवली ती ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ या शब्दांनी. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो. हाय म्हणजे उंच, हायर म्हणजे जास्त उंच, द हायेस्ट म्हणजे सगळ्यात उंच. ‘जास्त’ हा अर्थ हायरच्या पोटातच असतो. पुन्हा मोअर लावलं, तर ‘जास्त जास्त उंच’ होतं. आपणही कधी ‘सगळ्यात सर्वोत्तम’ म्हणून जातो. ‘सर्वोत्तम’मध्ये ‘सर्व’ असतोच, तसंच हे.

ब्युटिफुलसारखे लांब शब्द असे बदलत नाहीत. म्हणून तिथे मोअर ब्युटिफुल, मोस्ट ब्युटिफुल म्हणतात. एका शब्दाला तुलनेची एकच खूण, एवढं धरून ठेवा.

काही शब्द तर पूर्ण रूपच बदलतात. ते पाढ्यासारखे पाठ करून घ्यावे लागतात : गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. मच किंवा मेनी, मोअर, मोस्ट. लिटल, लेस, लीस्ट. वर्समध्ये शेवटी ‘अर’ ऐकू येत नाही, म्हणून मुलं हमखास ‘मोअर वर्स’ लिहितात. बेस्टलाही ‘मोस्ट’ लावतात.

मग घरी तपासायचं कसं? वाक्यातल्या ‘मोअर’वर बोट ठेवा आणि मुलीला उरलेलं वाचायला सांगा. ‘बेटर दॅन’ ऐकू आलं, तर वाक्य नीट उभं राहतं, म्हणजे मोअर फालतू होता. ‘ब्युटिफुल दॅन’ ऐकू आलं, तर वाक्य लंगडतं, म्हणजे मोअर हवाच. नुसत्या शेवटच्या ‘अर’वर मात्र विसंबू नका. ‘क्लेव्हर’ म्हणजे हुशार, त्यातला ‘अर’ मुळातलाच आहे. म्हणून ‘मोअर क्लेव्हर’ चुकीचं नाही.

आणि भरीत खरंच कितीतरी चांगलं असेल तर? तेव्हा ‘मच बेटर’ म्हणायचं. ते बरोबर आहे. ताईच्या लेकीने मोअर खोडून तिथे मच लिहिलं.

आज रात्री मुलांना हे वाक्य द्या : ‘द तापी इज मोअर लाँगर दॅन द गिरणा.’ कोणत्या शब्दावर बोट ठेवायचं, ते त्यांनाच शोधू द्या.