कुकर, पातेलं आणि फेकून दिलेलं पाणी

कुकरमध्ये शिजवलेल्या अन्नात काही सत्त्व उरत नाही, ही तक्रार बऱ्याच घरांत अधूनमधून ऐकू येते. तिच्यामागचा तर्क सरळ आहे. उघड्या पातेल्याखाली कितीही मोठा जाळ केला तरी पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. पुण्यात ते ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात तर ९५-९६ अंशांनाच, म्हणून तिथे डाळ शिजता शिजत नाही. घरगुती कुकरची शिट्टी मात्र वाफ दाबून धरते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक किलोनं वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळू लागतं. वीस अंश जास्त उष्णता म्हणजे जास्त नासाडी, असं कुणालाही वाटेल.

पण उष्णतेनं नेमकं काय नासतं? लोह, कॅल्शियम, जस्त यांना तर काहीच होत नाही. खनिजं जाळून नष्ट होत नाहीत, फार तर पाण्यात उतरतात. प्रथिनांचा उष्णतेनं फायदाच होतो, कारण कच्च्या डाळीत पचनाला आडवी येणारी काही द्रव्यं असतात आणि ती शिजवल्यानंच निकामी होतात. खरी नाजूक जीवनसत्त्वं म्हणजे क, ब गटातलं फोलेट आणि ब१, म्हणजे थायमिन. डाळीत ‘क’ जवळपास नसतंच. त्यामुळे वरणापुरता विचार करायचा तर थायमिनचा हिशोब मांडून पाहणं सगळ्यात सोयीचं. डबाबंद खाद्यपदार्थांच्या उद्योगानं या जीवनसत्त्वाचा बारकाईनं अभ्यास केलेला असल्यामुळे आकडेही हाताशी आहेत.

भाज्यांच्या लगद्यात १२१ अंशांना थायमिनचा साठा एक दशांशावर यायला साधारण अडीच तास लागतात. तापमान २५ अंशांनी उतरलं की हाच वेळ दहापट होतो. आता तुरीची डाळ घेऊ. पातेल्यात ती मऊ व्हायला ४५ मिनिटं लागली असं धरलं, तर १०० अंशांना तेवढ्या वेळात दहा टक्क्यांच्या आसपास थायमिन जातं. कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली १२ मिनिटं धरली, तर सोळा-सतरा टक्के जातं. हा कागदावरचा हिशोब आहे. डाळीची जात, तिचं जुनेपण, भिजवण याप्रमाणे तो हलेल. पण त्याचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. तापमान वीस अंशांनी वाढल्यावर नासाडीचा वेग सहापटीच्या घरात जातो, आणि शिजायचा वेळ चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. दोन्ही बाजू एकमेकींना बऱ्याच अंशी फेडतात. नुसत्या उष्णतेपुरतं बोलायचं तर कुकर थोडा मागे पडतो, पण फरक पाच-सात टक्क्यांचा. सत्त्व उरत नाही म्हणण्याइतका तो खचितच नाही.

याच्या कितीतरी पट नुकसान चिमूटभर खायच्या सोड्यानं होतं. पातेल्यात डाळ किंवा छोले लवकर मऊ व्हावेत म्हणून तो घालायची पद्धत अजून आहे. थायमिन आंबट पाण्यात बऱ्यापैकी टिकतं, पण सोड्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात झपाट्यानं मोडतं. कुकर असताना सोड्याची गरज नाही, आणि माझ्या मते कुकरच्या बाजूनं हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उलट आमसूल, चिंच किंवा टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटपणात डाळ शिजायला हटून बसते.

यानंतरचा मुद्दा पाण्याचा. क, ब१ आणि फोलेट ही तिन्ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. ती जळून जाण्याआधीच भांड्यातल्या पाण्यात उतरतात, आणि ते पाणी मोरीत ओतलं की सगळा हिशोब बदलतो. पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी काढून टाकलं, तर त्यातलं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर जाऊ शकतं. एवढी घट कुकरच्या उष्णतेनं होत नाही. भात वेळून काढला की तांदळातलं थायमिन पेजेत जातं. कोकणात ही पेज मीठ घालून पितात, म्हणजे गेलेलं पुन्हा पोटात येतं. शहरात ती बहुधा ओतून दिली जाते. कुकरच्या डब्यात भात, डाळ, बटाटे लावतो तेव्हा तळाचं पाणी वाफेपुरतं असतं आणि डब्यातलं पाणी अन्नातच मुरतं. फेकायला काही उरतच नाही. बटाटे सालासकट, न चिरता लावले तर आणखी उत्तम. सोलून फोडी करून पाण्यात उकळले की प्रत्येक कापल्या बाजूनं जीवनसत्त्व बाहेर झिरपतं.

मग कुकरबद्दल लोकांच्या मनात संशय का बसला असावा? मला वाटतं, रंगामुळे. कुकरमधून काढलेली मेथी किंवा फरसबी शेवाळी, करपट हिरवी दिसते आणि पातेल्यातली तरतरीत. भाजीत स्वतःची थोडी आम्लं असतात. उघड्या भांड्यात त्यांतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निसटतात, बंद कुकरमध्ये ती कोंडली जातात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात. त्यामुळे रंग मरतो. हा बदल रंगद्रव्यातला आहे, जीवनसत्त्वं किती उरली हे त्यावरून ठरत नाही. गंमत अशी, की रंग टिकवण्यासाठी सोडा घातला तर भाजी हिरवीगार राहते आणि थायमिन जातं. डोळ्यांनी पारख करणारा दोन्ही वेळा फसतो.

कुकर वापरताना चुका होतात त्या वेळेच्या. शिट्ट्या मोजणं हे मोजमाप फार ढिलं आहे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यांना पंधरा मिनिटंही लागतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि घड्याळ पाहावं. तुरीच्या डाळीला त्यानंतर साधारण दहा-बारा मिनिटं पुरतात. गॅस बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत आतलं तापमान १०० अंशांच्या वर असतं आणि शिजणं चालूच राहतं. डाळीला ते चालतं. फ्लॉवर किंवा गाजर मात्र तेवढ्यात लगदा होतात, म्हणून त्यांच्यासाठी कुकरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनं वाफ लगेच काढावी. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे काही कुकरमध्ये नळीतून वाफेची सलग धार सुटल्यावरच वजन बसवायला सांगितलेलं असतं. ते ऐकावं. वाफ आतली हवा हाकलून लावते, त्यामुळे क जीवनसत्त्वाला खाणारा प्राणवायू कमी होतो. शिवाय आत हवा उरली तर दाब पूर्ण भरूनही तापमान १२० पर्यंत पोचत नाही.

माझा निकाल असा: डाळी, कडधान्यं, भात आणि बटाटे कुकरमध्ये बिनधास्त लावावेत. पालेभाज्या मात्र कुकरमध्ये घालू नयेत, त्या दोन-चार मिनिटांत शिजतात आणि कुकरला दाब धरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. त्या कढईत झाकण ठेवून, अंगच्या पाण्यात परताव्यात. आणि भांडं कोणतंही असो, शिजवलेलं पाणी आमटीत किंवा कणकेत वापरा.