डीपी दुसऱ्याला निवडू द्या

सल्लागाराकडे दाखवायला माल नसतो, अनेकदा पाटी लावायला गाळाही नसतो. जीएसटीचं काम करणारा, अन्नपदार्थांचे परवाने मिळवायला मदत करणारा, छोट्या कारखान्यांना सुरक्षिततेचे नियम समजावणारा, यांचा नंबर गिऱ्हाइकाला कुणा ओळखीच्याकडून मिळतो. नंबर सेव्ह केला की आधी दिसतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. जरा चौकस गिऱ्हाईक असेल तर ते नाव शोधत लिंक्डइनवर जातं आणि तिथे गोल फोटोच्या मागे पसरलेला आडवा बॅनरही पाहतं. एवढ्या भांडवलावर माणसाबद्दल काहीतरी मत होऊन जातं.

ते किती लवकर होतं, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवलं. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी ‘हा माणूस विश्वासू वाटतो का?’ याचं उत्तर लोक देतात आणि हवा तेवढा वेळ दिल्यावर येणाऱ्या उत्तरांशी ते बरंचसं जुळतं. जास्त वेळ मिळाला की मुख्यतः आपल्या मतावरचा भरवसा वाढतो. हे मत खरं असतं, असा मात्र याचा अर्थ नाही. चेहरा पाहून प्रामाणिकपणा ओळखता येत नाही. एकाच माणसाच्या दोन फोटोंवरून लोक दोन वेगळी मतं बनवतात, इतका फरक नुसत्या फोटोने पडतो. म्हणून चेहऱ्याची काळजी सोडावी आणि फोटोची करावी.

आता प्रश्न असा, की मोबाइलमधल्या शेकडो फोटोंतून निवडायचा कोणता? आपण स्वतःच निवडतो आणि तिथेच घोटाळा होतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना स्वतःच्या बारा फोटोंतून कामासाठी, मित्रमंडळींसाठी वगैरे शोभेलसा फोटो निवडायला सांगितला. त्याच बारांतून अनोळखी माणसांनीही निवड केली. मग तिसऱ्याच लोकांनी ते फोटो पाहून मत दिलं, तेव्हा अनोळखी माणसांनी निवडलेल्या फोटोंची छाप अधिक चांगली पडली. ज्याचा चेहरा, त्यालाच तो नीट निवडता आला नाही.

याचं एक कारण आरसा असू शकतं. आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणजे उलटं पाहतो. भांग उजवीकडचा डावीकडे गेलेला, जरा वर उचललेली भुवई दुसऱ्या बाजूला. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात तरुणींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला होता, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ छापलेला. गिऱ्हाईक आपल्याला आरशातून पाहत नाही. शिवाय आपण आपला फोटो पाहतो तेव्हा डबल चिन दिसतेय का, पोट दिसतंय का, हेच शोधत असतो. समोरच्याचं तिकडे लक्षही जात नाही.

सांगलीतल्या एका ताईंचं उदाहरण देतो. बेदाणा, हळद, पापड, लोणची करणाऱ्या छोट्या उत्पादकांना अन्न परवान्याची कागदपत्रं आणि पाकिटावरच्या लेबलचा मजकूर नीट करून देणं हे त्यांचं काम. काम चोख, पण ओळखीपलीकडचं गिऱ्हाईक फोन करून दर विचारायचं आणि गप्प व्हायचं. डीपी होता पुतण्याच्या लग्नातला. पैठणी, नथ, डोक्यावरून येणारा मांडवाचा पिवळा झोत आणि कडेला कापलेल्या कुणाचा तरी खांदा. लिंक्डइनवर दुसराच फोटो होता, स्टुडिओत काढलेला आणि इतका गुळगुळीत केलेला, की त्यांना प्रत्यक्ष भेटलेला माणूसही दोनदा बघेल. मागे बॅनर काचेच्या उंच इमारतींचा. सांगलीत तशी इमारत शोधून सापडायची नाही.

नवा फोटो काढायला स्टुडिओ लागला नाही. सकाळी दहाच्या सुमारास घराच्या व्हरांड्यात, जिथे ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर असतो, तिथे त्या अंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ट्यूबलाइटखाली किंवा दुपारच्या उन्हात उजेड वरून पडतो, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते आणि हसरा माणूसही थकलेला दिसतो. भिंतीला टेकून उभं राहण्याऐवजी त्या भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आल्या, म्हणजे मागची भिंत आपोआप थोडी मऊ झाली. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, भाचीच्या हातात. कपडे म्हणाल तर ज्या सुती साडीत त्या कारखान्यावर जातात, तीच. उसना कोट कुणी सुचवला नाही हे बरं झालं. एप्रिलच्या सांगलीत कोट घातलेला माणूस विश्वासू कमी आणि घामाघूम जास्त दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं होतं अंतर. सेल्फीत मोबाइल चेहऱ्यापासून साधारण फूटभर असतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत अंदाजे बारा सेंटिमीटर धरा. मोबाइल नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान बेचाळीसवर, म्हणजे जवळजवळ दीडपट लांब. त्यामुळे नाक फुगतं, कान आत जातात. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला, तर दीडशे आणि एकशे बासष्ट, फरक नगण्य. हा दोष लेन्सचा नाही, जवळ जाण्याचा आहे. याचा विश्वासाशीही संबंध आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ साली तेच चेहरे सुमारे ४५ आणि १३५ सेंटिमीटरवरून टिपले. जवळून काढलेल्या चेहऱ्यांना लोकांनी विश्वासूपणात आणि कामातल्या हुशारीतही कमी गुण दिले. आपण कुणी अनोळखी माणूस नाकाजवळ येऊन बोलू लागला तर मागे सरकतो, तसंच काहीसं फोटो बघतानाही होत असावं. तेव्हा भाचीला दोन पावलं मागे जायला सांगितलं आणि नंतर फोटो कापून चेहरा मोठा केला. ब्युटी मोड बंद. तो सुरकुत्यांबरोबर रंगही उजळवतो, आणि भेटीच्या दिवशी गिऱ्हाइकाला दुसरीच बाई दारात उभी दिसते. पोर्ट्रेट मोडही बंदच ठेवला, कारण तो कधी कधी मोकळे केस आणि चष्म्याची काडी मागच्या धुक्यात विरघळवतो.

हसण्याचं काय? ‘हसा’ म्हटलं की ओठ ताणले जातात आणि डोळे तसेच राहतात. भाचीने त्यांना विचारलं, लेबलवर लोक सगळ्यात विनोदी चूक कोणती करतात? ताई सांगत सुटल्या आणि मधेच हसल्या. त्या वेळचे आठ-दहा फोटो आले. डोळ्यांच्या कडेला सुरकुती पडलेली दिसते ना, तोच फोटो हवा. पण पूर्ण दात दाखवून खळखळून हसतानाचा नको. परवाना अडकलेल्या माणसाला तो जरा लागेल.

फोटो निवडताना ताईंचा हट्ट होता एका गंभीर फोटोवर. त्यात हनुवटी ‘बरी’ दिसत होती. निवडलेले सहा फोटो मग अशा तिघांना पाठवले, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि ‘कोणता छान?’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘यातल्या कुणाला तुम्ही कागदपत्रं द्याल?’ छान कोणता म्हटलं की लोक सौंदर्याचं मत देतात. कागदपत्रांबद्दल विचारलं की गिऱ्हाइकाच्या जागी बसतात. तिघांपैकी दोघांनी हसरा फोटो निवडला आणि गंभीर फोटोबद्दल एकाने लिहिलं, ‘या रागावल्यात का?’ ताईंनी नाइलाजाने मान्य केलं. शेवटची तपासणी आकाराची. फोटो गोलात बसवून मोबाइलच्या चॅट यादीत पाहिला. तिथे तो नखाएवढा दिसतो. त्या आकारात डोळे दिसत नसतील तर चेहरा लहान आहे, अजून कापा. चेहऱ्याने गोलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग घेतला की काम होतं.

बॅनरची गोष्ट निराळी. फोटो सांगतो कोण, बॅनरने सांगावं काय आणि कुठे. आपल्याकडे मात्र बॅनरवर फ्लेक्सचे संस्कार आहेत. मिळेल तेवढा मजकूर, तीन रंग, चार फोन नंबर, कोपऱ्यात गणपती. दुसरं टोक म्हणजे इंटरनेटवरून उचललेले हस्तांदोलन करणारे हात. ते हात हजारो सल्लागारांच्या बॅनरवर आहेत, म्हणजे ते कुणाचेच नाहीत.

ताईंच्या बॅनरसाठी एका ओळखीच्या उत्पादकाच्या शेडमध्ये, त्याची परवानगी घेऊन, फोटो काढला. मागे बेदाणा सुकवायचे थर आणि उजव्या बाजूला मोकळी हिरवट जाळी. पाकीट हातात धरलेला फोटो वगळला, कारण त्यावर उत्पादकाचं नाव आणि त्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. ज्याच्या गोपनीय कागदांचं काम आपण करतो, त्याचा क्रमांक जाहिरातीत दिसला तर पुढचं गिऱ्हाईक काय समजेल? मोकळ्या जागेत एकच ओळ आली: ‘अन्न परवाना आणि लेबल सल्ला, सांगली’. लिंक्डइनच्या वैयक्तिक पानाचा बॅनर १५८४ बाय ३९६ पिक्सेलचा, म्हणजे उंचीच्या चौपट लांब असतो आणि गोल फोटो त्याच्या डाव्या खालच्या भागावर बसतो. तिथे अक्षरं ठेवली तर ती चेहऱ्यामागे जातात. म्हणून मजकूर उजवीकडे, मोठा आणि कडेपासून आत. कंपनीच्या पानाचं माप वेगळं, बरंच अरुंद, त्यामुळे तोच बॅनर तिथे टाकला की वरचं-खालचं कापलं जातं.

एक गोष्ट मात्र ठामपणे टाळायला हवी. परवान्याचं काम करणारे अनेक जण बॅनरवर सरकारी यंत्रणेचं बोधचिन्ह लावतात, काही जण चक्क अशोकस्तंभ. भारताच्या राजचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा कायदाच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी गिऱ्हाइकाचा समज होतो, की आपण अधिकाऱ्याशी बोलतोय, आणि तो समज फुटला की आधी मिळालेला विश्वास दुप्पट वेगाने जातो. सनदी लेखापाल आणि वकील यांच्यावर तर त्यांच्या संस्थांचे जाहिरातीचे निर्बंध आहेत. त्यांनी बॅनर करण्याआधी ते वाचावेत.

फोटो आणि बॅनर झाले की व्हॉट्सअ‍ॅप, लिंक्डइन आणि गुगलवरची धंद्याची नोंद, तिन्हीकडे तोच चेहरा ठेवा. तीन ठिकाणी तीन वेगळे चेहरे दिसले की फसवणुकीच्या या दिवसांत माणूस आधी शंका घेतो. चष्मा लागला, दाढी ठेवली, वजन बरंच कमी-जास्त झालं, की फोटोही नवा काढा. केस रंगवायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण फोटोतल्या आणि प्रत्यक्षातल्या केसांचा रंग एकच असू द्या.