नवाचा ताळा जुळला, तरी उत्तर चुकलं

पाचवीतल्या नातवाने ३४७ गुणिले २६ हे गणित सोडवलं आणि वही आजोबांपुढे सरकवली. उत्तर होतं ९२०२. आजोबा निवृत्त कारकून. कचेरीत असताना कुठलाही हिशेब नवाचा ताळा घेतल्याशिवाय त्यांनी पुढे पाठवला नव्हता. त्यांनी सवयीने अंकांच्या बेरजा केल्या. ३, ४ आणि ७ मिळून १४, म्हणजे ५. २ आणि ६ मिळून ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तरातले ९, २, ० आणि २ मिळून १३, म्हणजे ४. ताळा जुळला. आजोबांनी उत्तरावर बरोबरची खूण केली.

“पण आजोबा, पुस्तकात मागे ९०२२ दिलंय.”

आजोबांना आधी छपाईची चूक वाटली. मग त्यांनी ९०२२ चा ताळा घेतला, तर तोही ४ आला. दोन वेगळी उत्तरं एकाच ताळ्याला उतरत होती. शेवटी गुणाकार पुन्हा मांडला तेव्हा दोन ओळी आल्या, २०८२ आणि ६९४०. त्यांची बेरीज ९०२२. पुस्तकातलं उत्तर बरोबर होतं. नातवाने बेरीजही नीट केली होती, पण उत्तर उतरवताना ० आणि २ यांची अदलाबदल झाली होती.

त्याच पानावर वर खोडलेला पहिला प्रयत्न होता. दशकाने गुणताना दुसऱ्या ओळीच्या शेवटी शून्य द्यायचं राहिलं होतं, त्यामुळे २०८२ मध्ये ६९४ मिळवून उत्तर आलं होतं २७७६. आजोबांनी त्याचाही ताळा घेतला. २, ७, ७ आणि ६ मिळून २२, म्हणजे पुन्हा ४!

हे असं का होतं, ते दहाच्या आकड्यात दडलेलं आहे. दहा म्हणजे नऊ आणि एक, शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक. नऊ आणि नव्याण्णव दोन्ही नवाने पूर्ण भागले जातात. त्यामुळे ३४७ ला नवाने भागल्यावर जी बाकी उरते, तीच ३ + ४ + ७ ला नवाने भागल्यावर उरते. अंक एककात आहे, दशकात आहे की शतकात, याचा बाकीवर काहीच परिणाम होत नाही. म्हणून अंकांची जागा बदलली किंवा शून्य राहून गेलं, तर नवाच्या ताळ्याला ते कळत नाही. घाईत हाताने लिहिताना अशा चुकाही होतात.

रीत जुनी आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात ती सापडते. दोष रीतीत नाही. आजोबांची चूक होती ती तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षात. ताळा जुळला नाही तर चूक झालेली आहे, हे नक्की. पण जुळला म्हणून उत्तर बरोबर, असं म्हणता येत नाही. खरं उत्तर आणि चुकीचं उत्तर यांतला फरक नवाच्या पटीत असेल, तर चूक सुटून जाते.

ही उणीव अकराचा ताळा बरीच भरून काढतो. त्यात अंकांची नुसती बेरीज न करता उजवीकडून एक अंक मिळवायचा आणि पुढचा वजा करायचा. ३४७ साठी ७ − ४ + ३ म्हणजे ६. २६ साठी ६ − २ म्हणजे ४. सहा चोक चोवीस, आणि २४ साठी ४ − २ म्हणजे २. आता ९०२२ घ्या. २ − २ + ० − ९ म्हणजे उणे ९, त्यात ११ मिळवले की २. जुळलं. ९२०२ साठी मात्र २ − ० + २ − ९ म्हणजे उणे ५, त्यात ११ मिळवले की ६. चूक उघडी पडली. २७७६ चा ताळा ४ येतो, तोही पकडला जातो. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून कधीच निसटत नाही. एक अंक सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली, तर मात्र तोही फसतो.

याच प्रकारच्या चुकांसाठी आधार क्रमांकाचा बारावा अंक ठेवलेला आहे. तो आधीच्या अकरा अंकांवरून ‘व्हर्हूफ’ पद्धतीने काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर तो मेळ बसत नाही. तिथे नुसती अंकांची बेरीज वापरली असती, तर उलटे पडलेले अंक कळलेच नसते.

मुलांचे गुणाकार तपासणाऱ्यांनी आधी अंदाज घ्यावा. ३०० गुणिले २५ म्हणजेच साडेसात हजार, तेव्हा २७७६ तिथेच बाद होतं. त्यानंतर नवाचा आणि अकराचा, असे दोन्ही ताळे घ्यावेत. आणि हिशेबाच्या दोन आकड्यांत तफावत आली, तर तिला नवाने भागून पाहावं. ९२०२ आणि ९०२२ यांत १८० चा फरक आहे. १८० भागिले ९ म्हणजे २०. त्यातला दशकातला २ सांगतो की शतक आणि दशक यांच्या जागी, एकमेकांत दोनाचा फरक असलेले अंक उलटे पडले असावेत. शोध तिथूनच सुरू करावा.